निकालाच्या फलकावरची ओळ

श्रोतेहो, नमस्कार. नीटचा निकाल लागला की लातूर-नांदेडकडे चौकाचौकांत क्लासचे फलक झळकतात. एकाच मुलीचा फोटो कधी कधी तीन क्लासच्या फलकांवर दिसतो आणि खाली ओळ असते, 'प्रवेशाची हमी'. ती वाचून आईवडील कर्ज काढून फी भरतात, म्हणून ही ओळ कशी लिहावी याबद्दल आज बोलतो.

समजा, एका क्लासची १८० मुलं नीटला बसली आणि त्यातल्या ४२ जणांना एमबीबीएसला प्रवेश मिळाला. या ४२ पैकी ३० जण दोन वर्षं वर्गात शिकले, १२ जणांनी फक्त शेवटची टेस्ट सिरीज लावली होती. मालक लिहितात, '४२ डॉक्टर घडवले, पुढचा नंबर तुमचा!'

आकडा खरा आहे, तरी ओळ फसवते. किती मुलं बसली होती ते कळतच नाही. टेस्ट सिरीजवाले बाराही 'घडवलेल्यां'त धरले गेले. मुलं डॉक्टर झालेली नाहीत, त्यांना नुसता प्रवेश मिळालाय. आणि 'पुढचा नंबर तुमचा' ही तर हमीच झाली.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार प्रवेशाची किंवा निवडीची हमी देता येत नाही. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव आणि रँक छापताना त्यानं कोणता कोर्स, किती काळ केला आणि त्यासाठी फी भरली होती का, हेही लिहावं लागतं. खुलासा दाव्याइतक्याच मोठ्या अक्षरात हवा. कोपऱ्यातला बारीक तारांकित मजकूर चालत नाही. फोटोसाठी लेखी संमती लागते, तीही निवड झाल्यानंतर घेतलेली. प्रवेश अर्जावर आधीच करून घेतलेली सही उपयोगाची नाही.

मग घोषवाक्य कसं असावं? मी असं लिहीन: 'शिकवतो मन लावून, निकाल सांगतो मोजून.' पहिल्या अर्ध्या भागात क्लासच्या हातात आहे तेवढंच वचन आहे. दुसरा अर्धा भाग मालकाला बांधून घालतो, कारण त्याखाली तितक्याच ठळक अक्षरात हे यावंच लागतं: 'नीटला बसले १८०. एमबीबीएसला प्रवेश ४२. त्यांतले ३० दोन वर्षांच्या वर्गातले, १२ फक्त टेस्ट सिरीजचे.'

मालक म्हणतील, शेजारचा हमी देतोय, आमचे १८० पैकी ४२ कोण बघणार? पण चौकशीला आलेला बाप उरलेल्या १३८ जणांचं काय झालं हे विचारतोच. फलकावरच आकडा असेल तर काउंटरवरच्या माणसाला थाप मारावी लागत नाही. बीडीएसला किती गेले, बीएएमएसला किती, किती जण पुन्हा बसणार, हे तो सरळ सांगू शकतो.

आणि पालकहो, हमीचा फलक दिसला तर त्याचा फोटो काढून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.