मानेतून उतरलेला पडदा

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. मी लहान मुलांची सर्जन आहे. आज ज्या विषयावर बोलायचं आहे, त्याची सुरुवात एका आईच्या प्रश्नापासून करते. तिच्या बाळाच्या छाती-पोटामधल्या पडद्याला जन्मतःच भोक होतं. त्याच्या ऑपरेशननंतर ती मला जिन्यात गाठून म्हणाली, "मॅडम, पाचव्या महिन्यात मी पाण्याचे हंडे उचलत होते. त्यानेच पोराच्या पोटातला पडदा फाटला का?" या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर तो पडदा मुळात कसा तयार होतो, हे सांगावं लागतं.

डायफ्रॅम, म्हणजे आपलं श्वासपटल, छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखं ताणलेलं असतं. शवविच्छेदनाच्या टेबलावर ते पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा मधला भाग मला चांदीच्या पत्र्यासारखा चमकताना दिसला होता. त्याचा आकार तीन पानांचा. तिथे स्नायू नसतो, नुसता चिवट तंतूंचा पत्रा असतो, आणि स्नायू त्याच्याभोवती कडेला असतो. आमच्या सरांनी मग दिवे मालवायला सांगितले आणि पाठीकडून, बाराव्या बरगडीच्या जरा वर, टॉर्च धरला. डाव्या बाजूला एका त्रिकोणातून उजेड पलीकडे आला. तेवढ्या जागेत स्नायू नव्हता, पातळ पापुद्रा होता. तुमच्या-माझ्यासारख्या धडधाकट माणसातही ही जागा अशी पातळ असू शकते. ती लक्षात ठेवा, आपल्याला पुन्हा तिथेच यायचं आहे.

आता एक गोष्ट तुमच्यापैकी काहींनी अनुभवली असेल. पित्ताशयाला सूज आली की उजवा खांदा दुखतो. पोट कुठे आणि खांदा कुठे! याचं कारण असं, की श्वासपटलाला चालवणारी फ्रेनिक नस मानेतून निघते, मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या पातळीवरून. खांद्याच्या त्वचेच्या नसाही तिथूनच येतात, त्यामुळे मेंदूची गल्लत होते. पण छातीच्या तळाला असलेल्या पडद्याची नस मानेतून का यावी? कारण हा पडदा मानेतच जन्मतो.

पुढे मी जे आठवडे सांगणार आहे ते गर्भधारणेपासून मोजलेले आहेत. दवाखान्यात पाळीच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे तिथल्या हिशेबासाठी दोन आठवडे मिळवा.

गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो, नुसती चपटी चकती. हृदय अजून डोक्याच्याही पुढच्या बाजूला असतं, आणि हृदयाच्याही पुढे एक जाडसर पट्टा असतो. त्याला सेप्टम ट्रान्सव्हर्सम म्हणतात, म्हणजे आडवा पडदा. चौथ्या आठवड्यात चकती दुमडते. डोकं खाली झुकतं, हृदय छातीच्या जागी येतं आणि हा पट्टा हृदयाच्या खाली, मानेच्या पातळीवर येऊन बसतो. तिथे असतानाच नस त्याला चिकटते. नंतर पाठीचा कणा झपाट्याने लांबतो आणि पडदा तुलनेने मागे, खाली राहत जातो. आठव्या आठवड्याच्या सुमाराला त्याची मागची कड कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंत पोचलेली असते. नस मात्र धरलेला धागा सोडत नाही. मोठ्या माणसात ती सुमारे ३० सेंटिमीटर लांब असते. त्या सगळ्या प्रवासाची खूण.

हा आडवा पट्टा मात्र पुरता पडदा नसतो. तो पुढून येतो आणि मागे, अन्ननलिकेच्या दोन्ही अंगांना, दोन वाटा उघड्या राहतात. त्या वाटांनी छातीची पोकळी आणि पोटाची पोकळी एकमेकींशी जोडलेल्या असतात. या वाटा बुजवायला मागच्या भिंतीतून दोन घड्या पुढे सरकतात, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. त्यांना प्लुरोपेरिटोनियल घड्या म्हणतात. सातव्या आठवड्यात त्या पुढच्या पट्ट्याला आणि अन्ननलिकेच्या मागच्या पडदीला जाऊन मिळतात आणि वाटा बंद होतात. उजवी जराशी आधी मिटते आणि तिच्याखाली यकृतही असतं. डावी उशिरा मिटते. अन्ननलिकेच्या त्या पडदीतून मणक्याला धरून ठेवणारे दोन जाड स्नायुपट्टे बनतात.

जुन्या पुस्तकांत हे चार तुकड्यांची गोधडी असावी तसं सांगितलेलं असतं: पट्टा, घड्या, पडदी आणि चौथा तुकडा म्हणजे शरीराच्या भिंतीतून आलेली स्नायूची कड. आम्हीही तसंच पाठ केलं. मोठ्या माणसात घड्यांचा वाटा अगदी लहान, असंही त्यात असायचं. हा शेवटचा भाग मला आता पटत नाही. उंदरांच्या गर्भावर झालेल्या अलीकडच्या कामातून दिसतं, की स्नायूच्या पेशी मानेतल्या खंडांमधून निघून आधी या घड्यांमध्येच उतरतात आणि तिथून सगळीकडे पसरतात. त्यांना वाट दाखवतो घडीतला जोडऊतींचा थर. सुताराने आधी साचा करावा आणि मग त्यात काम भरावं, तसं. साचा नीट पसरला नाही, तर स्नायू कितीही तयार असला तरी त्याला जायला जागाच नसते.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या गटाने हे फार सुंदर दाखवलं. त्यांनी उंदरात गाटा४ नावाचं जनुक फक्त या जोडऊतींतून काढून टाकलं, स्नायूच्या पेशींना हात लावला नाही. तरीही पडद्यात स्नायू नसलेले पट्टे राहिले आणि हर्निया झाला. स्नायूचा भाग ताठ आणि शेजारचा पट्टा लेचापेचा. वाढणारं यकृत त्या लेच्यापेच्या जागेतून वर फुगलं. म्हणजे दोष स्नायूचा नव्हता, साच्याचा होता. नायट्रोफेन नावाचं तणनाशक गाभण उंदरिणीला दिल्यावरही असाच हर्निया होतो. ते अ जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल बनण्यात अडथळा आणतं, आणि बिघाड पहिल्यांदा दिसतो तो घडीतच.

माणसाच्या गर्भात आता घड्याळ बघा. सहाव्या आठवड्यात आतडी इतकी भराभर वाढतात की पोटात मावत नाहीत, म्हणून ती नाळेत बाहेर जातात. दहाव्या आठवड्यात ती परततात. तोवर दार मिटलेलं असेल तर ती पोटात बसतात. मागच्या डाव्या कोपऱ्यात भोक राहिलं असेल, तर जागा मिळेल तशी वर छातीत शिरतात. त्यांच्यामागून जठर, प्लीहा, कधी यकृताचा डावा भागही. या जागेच्या हर्नियाला प्रागच्या बोखडालेक या शरीररचनातज्ज्ञाचं नाव आहे. त्याने १८४८ मध्ये त्याचं वर्णन केलं. टॉर्चचा उजेड आला होता तो त्रिकोण याच कोपऱ्यातला. अडीच ते तीन हजार जन्मांमागे एका बाळात हा जन्मजात हर्निया सापडतो आणि शंभरातल्या ऐंशीहून जास्त वेळा तो डावीकडे असतो.

भोक हे खरं तर लहान दुखणं आहे. मोठं दुखणं फुप्फुसात आहे. श्वासनलिकेच्या फांद्या फुटण्याचं काम साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत आटोपतं, आणि नेमक्या त्याच काळात आतडी छातीत बसलेली असतात. त्या बाजूच्या फुप्फुसाला फांद्या कमी फुटतात. हृदय ढकललं गेल्याने दुसऱ्या बाजूचंही थोडं नुकसान होतं. शिवाय फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, त्या आकसतात आणि तिथला दाब चढतो. फुप्फुसाचा बिघाड नुसत्या दाबाने होत नसावा, तो काही अंशी आधीपासूनच असावा, असंही अनेकजण मानतात.

त्या आईचं बाळ सांगते. नऊ महिने पूर्ण, वजन २.८ किलो. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी झालीच नव्हती. जन्मल्यावर ते रडलं आणि दहा मिनिटांत निळं पडलं. तिथल्या माणसांनी तोंडावर मास्क लावून पिशवीने हवा भरली. इतर बाळांत हेच जीव वाचवतं. इथे मात्र ती हवा जठरात आणि आतड्यांत गेली, ती छातीतच होती, फुगली आणि उरलंसुरलं फुप्फुस दाबून टाकलं. बाळ आमच्याकडे आलं तेव्हा पोट खपाटीला गेलेलं, छाती भरलेली, हृदयाचे ठोके उजवीकडे. हे तीन एकत्र दिसले की मी एक्स-रेची वाट बघत नाही. बाळाच्या श्वासनलिकेत नळी घातली, नाकातून जठरात दुसरी नळी घालून हवा ओढून घेतली. नंतरच्या एक्स-रेमध्ये ती दुसरी नळी डाव्या छातीत वळलेली दिसत होती आणि भोवती आतड्यांचे हवेचे फुगे.

उजव्या हातावर ऑक्सिजन ९२ आणि पायावर ७८ होता. हा फरक फार बोलका आहे. फुप्फुसातला दाब इतका चढला होता, की अशुद्ध रक्त फुप्फुस टाळून, जन्माआधीच्या जुन्या वाटेने थेट शरीराच्या खालच्या भागात जात होतं.

नातेवाईक विचारत होते, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन का नाही? पूर्वी तसंच करायचे. पण भोक शिवून फांद्या फुटत नाहीत. हळू श्वास देत, दाब उतरू देत आम्ही चार दिवस थांबलो. हात-पायांतला फरक मिटला, तेव्हा ऑपरेशन केलं. डाव्या बरगड्यांखाली छेद घेतला, आतडी, जठर आणि प्लीहा हलक्या हाताने खाली ओढली. वर छातीच्या टोकाला फुप्फुस दिसलं, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं, गुलाबी. त्याला जबरदस्तीने फुगवायचं नसतं. भोकाची मागची कड मूत्रपिंडावर गुंडाळून बसलेली होती. ती उलगडली तेव्हा समोरच्या कडेपर्यंत पोचली आणि न विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवता आली. कड पोचत नसेल तर कृत्रिम कापड लावावं लागतं. ते बाळाबरोबर वाढत नाही आणि पुढे सुटू शकतं.

सोनोग्राफी झाली असती तर? हृदयाचे चार कप्पे दिसतात त्याच आडव्या छेदात शेजारी जठराचा काळा फुगा दिसला असता. मग प्रसूती मोठ्या केंद्रात ठरवता आली असती. फार गंभीर बाळांत, म्हणजे फुप्फुस अपेक्षेच्या चतुर्थांशाहूनही लहान असेल तर, सत्ताविसाव्या ते एकोणतिसाव्या आठवड्यात (पाळीपासून मोजून) गर्भाच्या श्वासनलिकेत फुगा बसवतात. फुप्फुसातला द्रव अडतो, त्याने ते ताणून वाढतं. चौतिसाव्या आठवड्यात फुगा काढतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा गंभीर डाव्या हर्नियात फुगा बसवलेल्यांपैकी ४० टक्के बाळं जिवंत घरी गेली, न बसवलेल्यांपैकी १५ टक्के. पण फुग्यामुळे प्रसूती लवकर होण्याचा धोका वाढतो, म्हणून सौम्य हर्नियात मी तो सुचवणार नाही.

जिन्यात मी त्या आईला खाली बसवलं आणि बोटांवर महिने मोजून दाखवले. दार मिटायचं ते सातव्या-आठव्या आठवड्यात, म्हणजे तुमची दुसरी पाळी चुकली होती त्या सुमाराला. हंडे तुम्ही उचलले ते त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी. काही फाटलंच नव्हतं, बाई. तेवढा भाग विणलाच गेला नव्हता. तिने स्वतः एकदा बोटांवर मोजून पाहिलं, मग पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "आता दूध कधी पाजायचं?"