नाडीपट्टीत वडिलांचं नाव कसं निघतं?

नमस्कार श्रोतेहो. कोल्हापुरातून तमिळनाडूतल्या वैथीश्वरन कोईलला जाऊन आलेली मंडळी नाडीपट्टीबद्दल, म्हणजे ज्यावर आपलं भविष्य आधीच लिहून ठेवलंय असं सांगतात त्या ताडपत्राबद्दल, एक गोष्ट हमखास सांगतात, "बापाचं नावसुद्धा बरोबर निघालं!" आज फक्त या नावाचंच बघू.

तिथं पुरुषांच्या उजव्या, बायकांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतात आणि त्यावरून ताडपत्रांचा जुडगा आणतात. वाचक एकेक पट्टी उचलून विधान करतो, आपण हो किंवा नाही म्हणायचं. नाही म्हटलं, की पट्टी बाजूला. मेख इथंच आहे.

समजा, शाहूपुरीतल्या एका गृहस्थांच्या वडिलांचं नाव शिवाजी. "नाव तीन अक्षरी?" हो. "क, म, प यांतलं पहिलं अक्षर?" नाही. "स किंवा श?" हो. "शेवटी जी?" हो. आता कोल्हापूरच्या माणसापुढं उरतात मुख्यतः शहाजी, शिवाजी नि संभाजी. आणखी दोन प्रश्नांत निकाल! दर उत्तराला उरलेल्या शक्यता निम्म्या होत गेल्या, तर वीस उत्तरांत दहा लाखांतून एक नाव निवडता येतं. नंतर सविस्तर वाचन होतं, तेव्हा मधले 'नाही' कुणाला आठवत नाहीत. रेकॉर्डिंग मिळालंच, तर तेही बहुधा या शेवटच्या वाचनाचं. म्हणून परवानगी घेऊन शोध सुरू झाल्यापासून रेकॉर्ड करा, नाहीतर सोबत्याला वहीत प्रत्येक विधान आणि उत्तर लिहायला सांगा. नाव आधी कुणाच्या तोंडून आलं, हे त्यातून दिसतं.

दुसरी तपासणी पट्टीची. जमल्यास जुळलेल्या पट्टीचा फोटो घ्या आणि जुनी तमिळ लिपी येणाऱ्या दोघांना, नाव न सांगता, वेगवेगळं वाचायला द्या. इथं जरा जपून. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना एकच अक्षर. च, ज, स यांचंही बरेचदा तसंच. त्यामुळं 'शिवाजी' हे 'सिवासी' किंवा 'चिवाची' असंही वाचता येईल. एवढी सूट द्यावी. पण दोघांनाही नावासारखं काही सापडलंच नाही, तर ते पट्टीत नव्हतं. पान जुनं आहे, एवढ्यानं भागत नाही. कार्बन चाचणी पानाचं वय सांगते, त्यावर कधी कोरलं ते नाही.

सगळ्यात चोख परीक्षा तिसरी. ठसा स्वतःचा द्यायचा आणि उत्तरं मात्र वडिलांचं नाव संभाजी असल्यासारखी, शेवटपर्यंत तशीच. ठसा खरा आणि उत्तरं खोटी असताना 'संभाजी' असलेली पट्टी मिळाली, तर ते नाव ठशातून नव्हे, उत्तरांतून आलं. 'पट्टी सापडत नाही' असं सांगितलं, तर तेही वहीत नोंदवा. मात्र खरी उत्तरं देणाऱ्या किती जणांना तसंच सांगितलं जातं, हे कळल्याशिवाय त्यावरून काही ठरवू नका.