पे-ऑफच्या तक्त्यात किती रकाने असतात?

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विषयाची पाटी तुम्ही बाहेर वाचलीच असेल: बुल कॉल स्प्रेड आणि लाँग स्ट्रॅडल, दोन्हींचा पे-ऑफ तक्ता आणि ब्रेकइव्हन. पाऊण तास दिलाय. कॉल म्हणजे काय, पुट म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. शनिवारी संध्याकाळी या विषयाला येणाऱ्या माणसाने निदान एकदा तरी प्रीमियम बुडवलेला असतो, असं मी धरून चालतो. हसलात, म्हणजे बरोबर धरलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हल्ली तक्ता कोणी मांडतच नाही. ॲपमध्ये दोन सौदे टाकले की हिरवा-लाल आलेख येतो, त्यावर बोट ठेवलं की ब्रेकइव्हन दिसतो, आणि काम झालं असं वाटतं. आलेख खोटा नसतो, पण तो फक्त शेवटची बेरीज दाखवतो. कोणत्या लेगने किती दिलं आणि कोणत्या लेगने किती खाल्लं, हे त्यात पुसलं जातं. किराणामालाच्या यादीतली नुसती बेरीज वाचून तूरडाळ महागली की तेल, हे कळत नाही, तसंच. म्हणून प्रत्येक लेगला स्वतंत्र रकाना हवा आणि निव्वळ आकड्याचा रकाना सगळ्यात शेवटी.

आता आकडे घेऊ. निफ्टी २४,५०० वर आहे, एक्स्पायरीला सात दिवस आहेत. हे भाव उदाहरणापुरते आहेत, पण एकमेकांशी जुळणारे आहेत: २४,५०० चा कॉल २२०, २४,५०० चा पुट १९०, २४,८०० चा कॉल ९५. स्प्रेडमध्ये आपण २४,५०० चा कॉल घेतला आणि २४,८०० चा विकला. खिशातून गेले १२५. सगळं पॉइंटमध्येच ठेवू. लॉटने गुणणं शेवटी करायचं, कारण लॉट बदलतो. २०२४ मध्येच निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ झाला. पॉइंटमध्ये लिहिलेल्या वह्या तशाच चालल्या, रुपयांत लिहिलेल्या सगळ्या फाडाव्या लागल्या.

तक्त्यात ओळी कोणत्या घ्यायच्या? शंभर-शंभरच्या अंतराने घेतल्या तर महत्त्वाचे भाव मधेच सुटतात. दोन्ही स्ट्राइक घ्यायचे, प्रत्येक लेगचा स्वतःचा बरोबरीचा भाव घ्यायचा, जोडीचा ब्रेकइव्हन घ्यायचा, आणि दोन्ही टोकांना एकेक लांबची ओळ.

| एक्स्पायरीचा बंद भाव | घेतलेला २४,५०० कॉल | विकलेला २४,८०० कॉल | निव्वळ |
|---|---|---|---|
| २४,२०० | −२२० | +९५ | −१२५ |
| २४,५०० | −२२० | +९५ | −१२५ |
| २४,६२५ | −९५ | +९५ | ० |
| २४,७२० | ० | +९५ | +९५ |
| २४,८०० | +८० | +९५ | +१७५ |
| २४,८९५ | +१७५ | ० | +१७५ |
| २५,१०० | +३८० | −२०५ | +१७५ |

तिसरी ओळ बघा. ब्रेकइव्हन २४,६२५, म्हणजे खालचा स्ट्राइक अधिक निव्वळ खर्च. हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. पण रकाने बघितले की दिसतं की त्या भावाला घेतलेला कॉल अजून ९५ ने तोट्यातच आहे. तो तोटा विकलेल्या कॉलचा प्रीमियम भरून काढतो. वाणिज्य शाखेच्या पुस्तकात याला भारदस्तपणे समविच्छेद बिंदू म्हणतात. या शब्दाला घाबरून किती मुलं शास्त्र शाखेला गेली असतील, हा वेगळा विषय.

नुसता कॉल घेतला असता तर बरोबरी २४,७२० ला आली असती. स्प्रेडने ती ९५ पॉइंट अलीकडे आणली. याची किंमत कुठे मोजली? २४,८९५ च्या ओळीत. तिथे विकलेला कॉल शून्यावर येतो, आणि त्याच्या वर गेलं की नुसता कॉल स्प्रेडपेक्षा जास्त देतो. आलेखात २४,८०० च्या पुढे सरळ आडवी रेघ दिसते, २४,८९५ चा तिथे मागमूसही नसतो. पण स्प्रेड करू की नुसता कॉल घेऊ, हा निर्णय याच आकड्यावर ठरतो. निफ्टी आठवड्यात २४,८९५ च्या पलीकडे जाईल असं खरोखर वाटत असेल, तर वरचा कॉल विकून आपण आपल्याच मताच्या विरोधात पैसे लावतो.

आता एक जुनी तक्रार. संयोजक घड्याळ बघताहेत, मला दिसतंय, पण ही राहायला नको. १ सप्टेंबर २०१९ च्या आधी पुस्तकं सांगतात तो तक्ता आणि व्यवहारातला खरा तक्ता वेगळे होते. एक्स्पायरीला कॉल पैशात राहिला आणि आपोआप वटवला गेला, की एसटीटी लागायचा ०.१२५ टक्के, आणि तोही पूर्ण सेटलमेंटच्या भावावर. आपल्या उदाहरणात निफ्टी २४,५०५ ला बंद झाला असं समजा. कॉलमध्ये मिळाले ५ पॉइंट. कर २४,५०५ वर, म्हणजे साधारण ३०.६ पॉइंट. पाच रुपयांच्या नाण्यावर तीस रुपयांची पावती! २४,४९५ ला बंद झाला असता तर कर शून्य. म्हणजे पैशात राहण्यापेक्षा पैशाबाहेर राहणं बरं. तक्त्यात २४,५०० च्या वर लगेच एक खड्डा होता आणि कोणत्याही आलेखात तो दिसायचा नाही. जाणते लोक एक्स्पायरीच्या दुपारी ८ पॉइंट आतला कॉल २ ला विकून मोकळे व्हायचे. न जाणते तो २ ला घ्यायचे आणि स्वस्तात मिळाला म्हणून खूश व्हायचे. पुढे कर फक्त आतल्या मूल्यावर लागू झाला आणि खड्डा बुजला. दर नंतरही बदलत राहिले आहेत, म्हणून चालू दर बघूनच घ्या. पण तत्त्व तेच: कर आणि दलालीसाठी एक रकाना मोकळा ठेवा.

तो खड्डा बुजला, पण एक खड्डा अजून आहे, आणि तो शेअरच्या ऑप्शनमध्ये आहे. निफ्टीचा हिशोब रोखीत होतो. शेअरच्या ऑप्शनमध्ये डिलिव्हरी होते. समजा एका शेअरवर १,००० चा कॉल घेतला, १,०४० चा विकला, लॉट ५००. १,०४० च्या वर बंद झाला तर दोन्ही वटतात आणि घेणं-देणं एकमेकांत फिटतं. १,००० च्या खाली दोन्ही रद्दी. पण १,०२५ ला बंद झाला तर? वरचा कॉल मेला, खालचा वटला, आणि तुम्हाला ५०० शेअर १,००० ने उचलावे लागतात. पाच लाख रुपये! चार-पाच हजारांचा स्प्रेड घेणाऱ्या माणसाकडे पाच लाख मागितले जातात. शेवटच्या दिवसांत मार्जिन टप्प्याटप्प्याने वाढायला लागतं, तीच सूचना समजायची आणि दोन्ही लेग कापायचे. कापताना आधी विकलेला परत घ्यायचा, मग घेतलेला विकायचा. उलट केलंत तर मधल्या काही सेकंदांत तुम्ही उघडे कॉल-विक्रेते असता आणि मार्जिन त्या हिशोबाने लागतं. आत शिरताना अर्थातच आधी घ्यायचा, मग विकायचा.

आणखी एक, कारण फोनवरचे आकडे बघून लोक याच गोष्टीवर चिडतात. हा तक्ता एक्स्पायरीचा आहे. सौदा केला त्याच दिवशी निफ्टी २४,८०० ला गेला, तर १७५ मिळत नाहीत. मघाच्याच अस्थिरतेने किंमत काढली तर स्प्रेड १९० च्या आसपास येतो, म्हणजे नफा साधारण ६५. विकलेल्या कॉलमध्ये अजून सात दिवसांचा वेळ शिल्लक असतो आणि तो तुमच्या विरोधात उभा असतो. लक्ष्य गाठलं पण पैसे कुठायत, असं विचारणाऱ्याने तक्त्याच्या डोक्यावर तारीख लिहिलेली नसते.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. स्ट्रॅडल दहा मिनिटांत! ठीक आहे, जिलब्या पाडू.

लाँग स्ट्रॅडल म्हणजे २४,५०० चा कॉल २२० ला आणि २४,५०० चाच पुट १९० ला, दोन्ही घ्यायचे. खर्च ४१०.

| एक्स्पायरीचा बंद भाव | कॉल | पुट | निव्वळ |
|---|---|---|---|
| २३,९०० | −२२० | +४१० | +१९० |
| २४,०९० | −२२० | +२२० | ० |
| २४,३१० | −२२० | ० | −२२० |
| २४,५०० | −२२० | −१९० | −४१० |
| २४,७२० | ० | −१९० | −१९० |
| २४,९१० | +१९० | −१९० | ० |
| २५,१०० | +३८० | −१९० | +१९० |

हमखास होणारी चूक अशी: वर जाताना कॉलचे २२० मिळवायचे, खाली जाताना पुटचे १९० वजा करायचे, आणि २४,७२० व २४,३१० हे ब्रेकइव्हन म्हणून लिहायचे. हे एकेका लेगचे बरोबरीचे भाव आहेत, जोडीचे नाहीत. त्या दोन ओळी मी मुद्दाम घातल्यात. निव्वळ तोटा बघा, १९० आणि २२०. दोन्ही बाजूंना पूर्ण ४१० चालावं लागतं, म्हणून २४,०९० आणि २४,९१०. सात दिवसांत साधारण १.७ टक्के. सगळ्यात मोठा तोटा नेमका मध्यावर, बाजार जिथल्या तिथे राहिला तर. लॉट ७५ धरला तर ३०,७५० रुपये. स्प्रेडमध्ये जास्तीत जास्त ९,३७५ जाणार होते.

स्ट्रॅडल लोक निकालाच्या, अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी घेतात. ४ जून २०२४ ला निफ्टी २३,२६३.९० वरून २१,८८४.५० ला बंद झाला, जवळजवळ सहा टक्के. हे उदाहरण प्रत्येक जण देतो. पण बहुतेक दिवस तसे नसतात. आपल्याच स्ट्रॅडलमध्ये दोन दिवसांनी घटना होऊन गेली, निफ्टी २०० पॉइंट वर २४,७०० ला आला, आणि सूचित अस्थिरता १५ वरून ११ वर उतरली असं धरा. कॉल साधारण २६८, पुट ४६, मिळून ३१४. दिशा मिळाली, हालचाल मिळाली, तरी ९६ पॉइंट गेले. एक्स्पायरीपर्यंत थांबलात आणि निफ्टी तिथेच राहिला तर कॉल २०० चा उरतो, पुट शून्य, तोटा २१०. घटना उलटून गेल्यावर ९६ वर निघायचं की २१० ची वाट बघायची, हे आलेखाच्या व्ही आकारातून दिसत नाही, कारण तो व्ही शेवटच्या दिवसाचा आहे. त्यासाठी आजच्या तारखेचा एक रकाना वेगळा आखावा लागतो आणि त्यात दोन्ही ऑप्शनचे आजचे भाव, तेही विकताना खरोखर मिळणारे, खरेदीदाराच्या बाजूचे भाव लिहावे लागतात.

प्रश्न आता बाहेर चहाच्या टेबलाशी घेऊ. फळा पुसू नका, दुसरा तक्ता उतरवून घ्यायचा राहिलाय काही जणांचा.