प्लँक पोटाचा, दुखणं कमरेचं

श्रोतेहो, नमस्कार. सांगलीच्या आमराईत सकाळी फिरायला गेलात, तर गवतावर चटई टाकून प्लँक धरलेले दोन-चार जण हमखास दिसतात. कोपर जमिनीवर, पाय ताठ आणि डोळे मोबाइलच्या घड्याळावर. या घड्याळानंच निम्मा घोळ होतो.

विश्रामबागचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. प्लँक दोन मिनिटं धरायचे, पण दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताना कंबर धरलेली. मी त्यांना प्लँक करायला लावलं आणि पाठीवर एक सरळ काठी ठेवली. काठी डोक्याला, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला टेकायला हवी. कंबरेपाशी थोडी फट राहतेच, तळहात आडवा जेमतेम सरकेल एवढी. सुरुवातीला सगळं ठीक होतं. अर्ध्या मिनिटाच्या आतच पोट खाली आलं आणि त्या फटीत माझी मूठ जायला लागली. पुढचं दीड मिनिट ते पोटावर नव्हे, कमरेवर काढत होते.

असं का होतं? प्लँकमध्ये शरीराचा भार कोपर आणि पायाच्या बोटांवर असतो, मधला भाग अधांतरी. तो खाली पडू न देणं हे पोटाच्या स्नायूंचं काम. ते थकले की ओटीपोट जमिनीकडे झुकतं, कमरेचा बाक वाढतो आणि मणक्यांचे मागचे छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातात. मग माणूस स्नायूंवर नाही, सांध्यांवर लटकतो. म्हणूनच तो आणखी मिनिटभर टिकतो, आणि त्याला वाटतं ताकद वाढली! तालमीत जोर काढलेल्यांनी जरा जपावं. जोर मारताना कंबर खाली सोडायची सवय असते, ती इथं चालत नाही.

त्या गृहस्थांना मी एवढंच सांगितलं : कोपर खांद्याच्या बरोबर खाली ठेवा. कोपर पुढं गेलं की भार वाढतो. नजर दोन हातांच्या मध्ये जमिनीवर ठेवा, कारण मान वर केली की कंबरही वाकते. मग बैठकीचे स्नायू घट्ट आवळा आणि पँटचा पट्टा बरगड्यांकडे ओढल्यासारखं ओटीपोट किंचित आत वळवा. श्वास चालू राहू दे. दहा सेकंद धरा, गुडघे टेका, थोडं थांबा, पुन्हा धरा. असं पाच-सहा वेळा. तेवढंही जमलं नाही तर गुडघे टेकून करा, किंवा पार्कातल्या बाकावर हात ठेवून.

कंबर घसरली की नाही हे काठीशिवायही कळतं. पोट थरथरतंय, मांड्या तापल्यात, तर ठीक चाललंय. कमरेत चिमटा बसल्यासारखं वाटलं, की लगेच गुडघे टेकायचे, मग घड्याळात पाचच सेकंद झालेले का असेनात. आणि कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर प्लँक बंद ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.