5.58 हा आकडा कमी की ठीक? आधी मशीन विचारा

नमस्कार. गेल्या आठवड्यात माझ्या मावशीने तिचा बॉडी कॉम्पोझिशनचा रिपोर्ट पाठवला. वय 68, उंची 152 सेंटिमीटर. रिपोर्टमध्ये एका ओळीत लिहिलं होतं, SMI 5.58. SMI म्हणजे उंचीच्या मानाने हातापायांत स्नायू किती, ते सांगणारा आकडा. तिचा प्रश्न साधा होता: "हे कमी आहे का गं?"

आधी हा आकडा येतो कुठून ते बघू. दोन्ही हात आणि दोन्ही पाय, एवढ्याच भागांतल्या स्नायूंचं वजन घ्यायचं. पोट आणि पाठ सोडून द्यायची. मावशीचे हात मिळून 3.4 किलो, पाय मिळून 9.5 किलो, म्हणजे एकूण 12.9. आता उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करायचा: 1.52 गुणिले 1.52, म्हणजे साधारण 2.31. 12.9 ला 2.31 ने भागलं की आले 5.58.

आता उत्तर. आशियाई लोकांसाठी एडब्ल्यूजीएस या तज्ज्ञगटाने 2019 मध्ये ज्या मर्यादा दिल्या, त्यांत पुरुषांसाठी डेक्सा आणि बायोइम्पीडन्स या दोन्ही मशीनना 7.0 हीच रेषा आहे. बायकांसाठी मात्र डेक्सावर 5.4 आणि बायोइम्पीडन्सवर 5.7. आकडा याच्या खाली गेला तर स्नायू कमी. म्हणजे 5.58 डेक्साचा असता तर मावशी ठीक, बायोइम्पीडन्सचा असेल तर कमी!

असं का? डेक्सा अगदी सौम्य क्ष-किरणांनी हाड, चरबी आणि उरलेला मऊ भाग वेगळा करतं. बायोइम्पीडन्स स्नायू मोजतच नाही. ते अंगातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून अडथळा मोजतं आणि सूत्राने स्नायूंचा अंदाज बांधतं. प्रवाह वाहतो तो शरीरातल्या पाण्यातून. म्हणूनच पायाला सूज असेल तर मशीन त्या पाण्यालाही स्नायू समजतं आणि आकडा खोटा वाढतो. घोट्याजवळ बोट दाबून बघा. खळगा राहिला तर त्या दिवशीच्या आकड्यावर विसंबू नका. आणि पेसमेकर असेल तर ही तपासणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नका.

मावशी ज्यावर उभी राहिली होती ते बायोइम्पीडन्सचं मशीन होतं, आणि पायाला सूज नव्हती. म्हणजे स्नायू कमी. पण एवढ्यावर सार्कोपेनिया, म्हणजे वयाबरोबर स्नायू झिजण्याचा आजार, म्हणता येत नाही. त्यासाठी 2019 च्या त्याच निकषांत ताकद किंवा चालण्या-उठण्याची क्षमताही घटलेली लागते. शिवाय एडब्ल्यूजीएस हा गट सुरू केला तो पूर्व आणि आग्नेय आशियातल्या तज्ज्ञांनी. आपण भारतात अनेकदा त्यांचीच रेषा वापरतो, म्हणून आकडा असा काठावर असला की मी मुठीच्या ताकदीला जास्त वजन देते. बायकांसाठी ती मर्यादा 18 किलो. मावशीने ही ताकद मोजणारा डायनॅमोमीटर दाबला तेव्हा काटा 16 वर थांबला.

ती आता डॉक्टरांकडे जाते आहे. तिला मी एवढंच सांगितलं, की पुढची तपासणी याच मशीनवर, सकाळी उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर कर. डेक्साचा आकडा या रिपोर्टशेजारी ठेवून वजाबाकी करू नकोस.