रॉयल्टीचा हिशेब कसा विचारावा
(फोंडा येथे लेखकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आधी एक विचारतो. इथे बसलेल्यांपैकी किती जणांचं पुस्तक प्रकाशकानं काढलंय? बरेच हात आहेत. आणि दरवर्षी रॉयल्टीचं विवरण कोणाकोणाला येतं? सात. या सातांपैकी ते विवरण घेऊन कोणी कधी बेरीज-वजाबाकी करायला बसलंय का? एकच हात वर आहे, तोही मागच्या रांगेतल्या बाईंचा. बाई, तुम्ही बँकेत होता ना? वाटलंच मला.

प्रकाशकाला पत्र कसं लिहायचं ते सांगण्यासाठी मला बोलावलंय. तिकडे येतोच. पण ते पत्र मला का लिहावं लागलं, हे कळल्याशिवाय त्यातले प्रश्न तुम्हाला कोरडे वाटतील.

माझं दुसरं पुस्तक गोव्याबाहेरच्या एका प्रकाशकांनी काढलं. नाव घेत नाही. आमचे संबंध आजही चांगले आहेत आणि ते तसेच राहावेत असं मला वाटतं. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. छापील किंमत तीनशे रुपये, रॉयल्टी छापील किमतीवर दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे तीस रुपये. तीन वर्षांत तीन विवरणं आली. पहिल्या वर्षी ३११ प्रती, दुसऱ्या वर्षी १४६ आणि तिसऱ्या वर्षी ९१. तिसरा धनादेश २,७३० रुपयांचा होता. मराठी पुस्तक एवढंच खपतं, असं म्हणून मी तो बँकेत भरला. त्या विवरणात तीनच रकाने होते, विकलेल्या प्रती, दर आणि रक्कम. किती छापल्या आणि किती उरल्या, याचा कुठे उल्लेखच नव्हता.

त्याच पावसाळ्यात, चवथीच्या आधी, मी आमच्या तालुक्याच्या ग्रंथालयात गेलो होतो. नव्या पुस्तकांच्या रॅकवर माझं पुस्तक दिसलं. आपलं पुस्तक ग्रंथालयात दिसलं की माणूस ते उघडतोच. आतल्या पानावर दाखल क्रमांकाचा शिक्का होता, फेब्रुवारीची तारीख होती, आणि खाली पुस्तकं पुरवणाऱ्याचा गोल शिक्का. पंधरा दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात एका कार्यक्रमाला गेलो, तिथल्या वाचनालयातही पुस्तक होतं आणि तोच गोल शिक्का होता. पुढे तिसऱ्या ठिकाणीही तसंच. तेव्हा डोक्यात आलं की ग्रंथालयांसाठी कोणीतरी एकगठ्ठा खरेदी केलीय. तारखा फेब्रुवारी-मार्चच्या आणि माझं विवरण एकतीस मार्चपर्यंतचं. मग या प्रती त्या ९१ मध्ये आहेत का?

तरीही मी गप्प राहिलो असतो. पण दिवाळीत प्रकाशकांचा फोन आला, ‘अभिनंदन, पहिली आवृत्ती संपली, दुसरी छापायला घेतोय.’ त्या रात्री जेवण झाल्यावर मी कागद घेऊन बसलो. छापल्या १०००. मला मिळालेल्या २५ आणि समीक्षेसाठी वगैरे गेलेल्या २५ वजा केल्या तर ९५०. तीन वर्षांची विक्री ५४८. म्हणजे गोदामात ४०२ प्रती असायला हव्यात. आणि प्रकाशक म्हणतात, एकही नाही.

मंडळी, ही वजाबाकी लक्षात ठेवा. विक्रीचा आकडा एकटा असला तर तो खरा की खोटा ते आपल्याला कधीच कळत नाही. छापलेल्या, वाटलेल्या, विकलेल्या, परत आलेल्या आणि उरलेल्या प्रती शेजारी शेजारी मांडल्या की चूक लपायला जागा उरत नाही. घरात तांदळाचं पोतं कधी आणलं आणि आता डब्यात किती आहे हे ठाऊक असलं, तर रोज किती शिजला ते कोणी वेगळं सांगावं लागत नाही.

मी पत्र लिहिलं. कुठलाही आरोप केला नाही, फक्त या ४०२ प्रतींचा तपशील मागितला. महिन्याभरानं उत्तर आलं, आणि ते प्रामाणिक होतं. ४० प्रती पावसात भिजून बाद झाल्या होत्या. ६२ दुकानदारांकडे होत्या, विकल्या तर पैसे आणि नाही तर परत या बोलीवर, म्हणून त्या अजून विक्रीत धरल्या नव्हत्या. हे रीतसरच आहे. उरलेल्या ३०० प्रती ग्रंथालयांना पुरवणाऱ्या विक्रेत्याला गेल्या होत्या. त्यांची बिलं वेगळ्या पुस्तकात होती आणि रॉयल्टीची यादी करणारे गृहस्थ फक्त दुकानांची बिलं बघत होते. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण विचारलं नसतं तर त्या तीनशे प्रतींची रॉयल्टी मला कधीच मिळाली नसती.

आता पुढची गंमत ऐका. त्यांनी ४,५०० रुपये पाठवतो असं कळवलं. त्यांचं म्हणणं, माल पन्नास टक्के सवलतीत गेला, प्रतीमागे दीडशे हाती आले, त्यावर दहा टक्के. मी करारनामा काढला. कलमात लिहिलं होतं, ‘पन्नास टक्क्यांपेक्षा जास्त सवलत दिल्यास’ रॉयल्टी हाती आलेल्या रकमेवर. त्यांच्या बिलावर सवलत बरोबर पन्नास टक्के होती. जास्त नव्हती. म्हणजे छापील किमतीवरच रॉयल्टी, ९,००० रुपये. त्या एका ‘जास्त’ शब्दावर साडेचार हजारांचा फरक. त्यांनी ते मान्य केलं आणि पूर्ण रक्कम दिली.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरली आहेत. तर पत्राकडे येतो, भरभर सांगतो.

पत्रात आधी पुस्तकाचं नाव, आवृत्ती, कराराची तारीख आणि कुठल्या वर्षाचं विवरण, हे लिहा. मग तुमची वजाबाकी आकड्यांसकट मांडा, म्हणजे समोरच्याला नेमकं कुठे उत्तर द्यायचंय ते दिसेल. छापल्या किती आणि बांधल्या किती, हे वेगवेगळं विचारा. हजार छापून पाचशेच बांधायच्या आणि बाकीचे फर्मे तसेच ठेवायचे, ही आपल्याकडे नेहमीची पद्धत आहे. कमी दिसणाऱ्या आकड्याचं निर्दोष कारण कधी कधी तेच असतं. दुकानं, ग्रंथालयं, प्रदर्शनं आणि ई-बुक यांची विक्री वेगवेगळी मागा. भिजलेल्या प्रती कुठल्या तारखेला बाद केल्या तेही विचारा. सवलतीच्या विक्रीवर रॉयल्टी लावताना करारातलं कुठलं कलम धरलं, ते लेखी मागा.

करकपात झाली असेल तर आयकराच्या संकेतस्थळावर आपला Form 26AS उघडा. प्रकाशकांनी तुमच्या नावावर किती रक्कम दाखवली ते तिथे दिसतं. ती आणि विवरणातली रक्कम जुळली पाहिजे. रक्कम लहान असेल तर कर कापलेला नसतो आणि मग तिथे काही दिसणारही नाही.

आणि करार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क देताना करार लेखी हवा आणि त्यात रॉयल्टी किती ते लिहिलेलं हवं. पण हिशेबाच्या वह्या बघायचा अधिकार हवा असेल तर तसं कलम आपणच करारात घालून घ्यायला लागतं. माझ्या जुन्या करारात ते नव्हतं, म्हणून मला त्यांच्या सांगण्यावर विसंबावं लागलं. दुसऱ्या आवृत्तीच्या करारात मी ते घालून घेतलं. वर्षातून एकदा, पंधरा दिवस आधी कळवून, लेखकाच्या खर्चानं. आणि विवरणाचा नमुनाही करारालाच जोडला. त्यात आता सात रकाने आहेत, पहिला आरंभीच्या शिल्लक प्रतींचा आणि शेवटचा अखेरच्या.

घंटा झाली. तो नमुना मी पन्नास प्रती छापून आणलाय, दाराशी टेबलावर ठेवलाय. जाताना घेऊन जा. देव बरें करूं.