सिद्धतेचा सांगाडा एका पानावर

आज एकच प्रकरण घेऊ: संवृत अंतरालावरची संतत फलने. पहिले प्रमेय असे की `[a, b]` वर संतत असलेले फलन परिबद्ध असते. पुस्तकात याची सिद्धता अर्धे पान घेते. आपल्या पानावर आधी एका ओळीत मुख्य कल्पना लिहायची: ‘फलन जिथे हाताबाहेर जाते ते बिंदू गोळा करा, ते कुठेतरी साचतातच, आणि तिथे सातत्य मोडते.’ ही ओळ पुस्तक मिटून लिहिता आली नाही, तर पुढे जाऊ नका. सिद्धता अजून समजलेली नाही.

मग पायऱ्या. प्रत्येक पायरीत काय केले आणि कशाच्या जोरावर, एवढेच.

१. `f` परिबद्ध नाही असे माना. प्रत्येक `n` साठी `|f(xₙ)| > n` असा `xₙ` निवडा.
२. `[a, b]` परिबद्ध, म्हणून `xₙ` परिबद्ध आहे. बोल्झानो-वायरस्ट्रास प्रमेयाने अभिसारी उपक्रमिका मिळते. तिची सीमा `c`.
३. अंतराल संवृत, म्हणून `c` आतच.
४. सातत्यामुळे उपक्रमिकेवरच्या किमती `f(c)` कडे जातात. पायरी १ प्रमाणे त्या अमर्याद वाढतात. विसंगती.

‘कशाच्या जोरावर’ हा भाग बहुतेक जण गाळतात, आणि पान तिथेच निकामी होते. तो बरोबर लिहिला आहे का, हे पाहायला एकेक अट काढून टाका. `(0, 1]` वर `1/x` घेतले, तर `xₙ = 1/(n+1)` ही क्रमिका 0 कडे जाते. 0 अंतरालात नाही, म्हणून तिसरी पायरी कोसळते. `[0, ∞)` वर `f(x) = x` घेतले तर दुसरी. `[0, 1]` वर `1/x` घेऊन `f(0) = 0` ठरवले तर चौथी. अट काढूनही एकही पायरी मोडली नाही, तर ती अट कुठे वापरली हे तुमच्या सांगाड्यातून निसटले आहे.

आता प्रमेयांमधले बाण. बाण पुस्तकातल्या क्रमाने काढायचे नाहीत. ‘ब’च्या सिद्धतेत ‘अ’ खरोखर वापरले असेल, तरच अ→ब. मध्यवर्ती मूल्य प्रमेय सहसा याच प्रकरणात शेजारी असते, पण ते थेट सुप्रीममवरून सिद्ध करता येते. तशी सिद्धता असेल तर परिबद्धतेकडून त्याच्याकडे बाण नाही.

महत्तम किंमत गाठली जाते, या प्रमेयाकडे मात्र परिबद्धतेकडून दोन बाण जातात. पहिला सरळ आहे: `f` परिबद्ध, म्हणून `M = sup f` अस्तित्वात आहे. दुसरा लपलेला आहे. `M` गाठला जात नाही असे मानले, तर `g = 1/(M − f)` संतत ठरते आणि तेच प्रमेय पुन्हा `g` ला लावायचे. `g ≤ K` मिळाले की `f ≤ M − 1/K`, म्हणजे `M` हा `f` चा लघुतम ऊर्ध्व परिबंध राहत नाही. म्हणून बाणावर फक्त प्रमेयाचे नाव पुरत नाही. ते कोणत्या फलनाला लावले, हेही लिहा: एकावर `f`, दुसऱ्यावर `g`.